गेरूच्या थरासाठी ॲनोड निवडताना: तांबे की कोबाल्ट?

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना रस्त्याच्या कापलेल्या कड्यात काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये अधूनमधून एक विटकरी पट्टा दिसतो. भूशास्त्रात त्याला तांबडा बोल म्हणतात. त्याला रंग येतो तो हेमॅटाइटमुळे, म्हणजे गेरूतल्याच लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. बाकीचा मोठा भाग स्मेक्टाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा असतो आणि त्यात बेसाल्टमधून उरलेले प्लॅजिओक्लेजचे कण असतात. घाटातला रस्ता किंवा बोगदा आखणाऱ्या अभियंत्याला या थरात चिकणमाती किती हे हवे असते, कारण पाणी लागले की हा थर फुगतो आणि सुटतो. म्हणून असा नमुना नाशिकच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे रोजच्या बोलीत एक्सआरडीला येतो.

या प्रकरणासाठी असा एक नमुना घेऊ. वजनाने १५ टक्के हेमॅटाइट, उरलेले ८५ टक्के स्मेक्टाइट आणि प्लॅजिओक्लेज. यंत्र नेहमीचे: तांब्याच्या ॲनोडची, म्हणजे तांब्यातून क्ष-किरण काढणारी नळी, निकेलचा फिल्टर, सिलिकॉन पट्टीचा डिटेक्टर, कोन फिरवणारा २४० मिमी त्रिज्येचा गोनिओमीटर. खाली येणारे शोषणाचे आकडे खनिजांची घनता आणि मूलद्रव्यांचे वस्तुमान-शोषण गुणांक घेऊन गणिताने काढले आहेत, म्हणून ते कोणालाही तपासता येतील.

पहिली धाव घेतली की आलेख सगळाच वर उचललेला येतो. पार्श्वभूमी ५ अंशांपासून ७० अंशांपर्यंत जवळपास सपाट आणि उंच असते. हेमॅटाइटचे सर्वात मोठे शिखर ३३.१५ अंशांवर कसेबसे डोके काढते, आणि २४.१ अंशांवरचे लहान शिखर खडबडीत रेषेत हरवते. नमुना नीट दळला गेला नाही किंवा हेमॅटाइटचे स्फटिक बारीक आहेत, असा निष्कर्ष इथे पटकन काढला जातो. पण स्फटिक बारीक असले तर शिखरे रुंद होतात, सगळी पार्श्वभूमी सपाट उचलली जात नाही. सपाट उचल हे प्रतिदीप्तीचे, म्हणजे नमुन्याने स्वतःचे किरण सोडण्याचे लक्षण आहे.

कडेच्या चुकीच्या बाजूला

लोखंडाची के शोषणकडा, म्हणजे ज्या ऊर्जेच्या वर किरण अणूच्या सर्वात आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवू शकतो ती सीमा, ७.११२ केईव्हीवर आहे. तांब्याच्या के-अल्फा या मुख्य किरणांची ऊर्जा ८.०४८ केईव्ही आहे, म्हणजे कडेच्या थोडी वर. नुकसान सर्वात जास्त इथेच होते. कडेच्या लगेच वरचा किरण लोखंडाच्या अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन फार सहज उडवतो. तो किरण तिथेच खर्च होतो, आणि रिकाम्या जागी दुसरा इलेक्ट्रॉन उतरताना ६.४०४ केईव्हीचा लोखंडाचा स्वतःचा किरण बाहेर पडतो. हा किरण सगळ्या दिशांना सारखाच जातो. त्याला विवर्तनाचा कोन माहीत नसतो, म्हणून तो आलेखात शिखर न होता चादरीसारखा पसरतो.

एकाच घटनेतून अशा दोन तक्रारी निर्माण होतात. पहिली, डिटेक्टरमध्ये नको असलेला किरण शिरतो. दुसरी, हवा असलेला किरण हेमॅटाइटच्या कणात जेमतेम शिरतो. पहिलीवर इलेक्ट्रॉनिक उपाय आहे, दुसरीवर नाही. ॲनोडच्या निवडीचा सगळा वाद या फरकावर येऊन ठेपतो, आणि बहुतेक ठिकाणी पहिली तक्रार मिटली की दुसरी विसरली जाते.

आधी पार्श्वभूमी: नळी न बदलता काय जमते

डिटेक्टर प्रत्येक किरणाची ऊर्जा ढोबळ ओळखतो. नेहमीच्या सिलिकॉन पट्टीचे ऊर्जा-विभेदन ८ केईव्हीला सुमारे १.६ केईव्ही असते. तांब्याचा किरण आणि लोखंडाची प्रतिदीप्ती यांच्यात अंतरही तेवढेच, १.६४ केईव्ही. म्हणून दोन्हींचे डोंगर एकमेकांत शिरलेले असतात, पण पूर्ण नाही. डिटेक्टरची खालची मर्यादा ७.२ केईव्हीवर आणली तर लोखंडाचा साधारण १२ टक्के भागच आत येतो आणि तांब्याचा जवळपास तेवढाच भाग वाया जातो. मर्यादा ७.५ वर नेली तर लोखंडाचा ५ टक्के भाग उरतो, पण तांब्याचा पाचवा हिस्सा गमवावा लागतो. ३८० ईव्हीच्या आसपास विभेदन असलेला नवा डिटेक्टर असेल तर हा झगडाच उरत नाही. दोन डोंगर स्पष्ट वेगळे होतात.

ही मर्यादा पुस्तकातून घेऊ नये, नमुन्यावर ठरवावी. गोनिओमीटर हेमॅटाइटच्या ३३.१५ अंशांच्या शिखरावर थांबवावा आणि खालची मर्यादा थोडी थोडी वर नेत प्रत्येक पायरीला ६० सेकंद मोजावे. मग स्वतःच्या आलेखावरून शिखर नसलेला जवळचा कोन निवडून तीच पायरी पुन्हा करावी. पार्श्वभूमी वजा केलेली शिखराची मोजणी भागिले पार्श्वभूमीचे वर्गमूळ, हा आकडा जिथे सर्वात मोठा येतो तिथे मर्यादा ठेवावी. तिथून पुढे आलेख दिसायला स्वच्छ होत जातो, पण माहिती घटते. एक काळजी मात्र हवी. मर्यादा तांब्याच्या डोंगराच्या उतारावर बसलेली असते, त्यामुळे डिटेक्टरचे वर्धन जरा सरकले तरी मोजणी बदलते. उन्हाळ्यात दुपारी खोली तापली आणि सकाळची मोजणी दुपारच्या मोजणीशी जुळेना, तर आधी इथे पाहावे.

निकेलचा फिल्टर कुठे बसवला आहे तेही बघावे. नळीच्या बाजूला असला तर प्रतिदीप्तीवर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ती त्याच्या पुढे, नमुन्यात जन्मते. तोच २० मायक्रॉनचा फिल्टर डिटेक्टरच्या बाजूला बसवला तर तांब्याचे सुमारे ४२ टक्के किरण पार होतात आणि लोखंडाचे केवळ १९ टक्के. फुकटात दुपटीहून जास्त फायदा.

बिंदू डिटेक्टर असलेल्या जुन्या यंत्रावर डिटेक्टरपुढचा ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर प्रतिदीप्ती जवळपास पूर्ण थांबवतो. त्याची किंमत किरणांच्या तीव्रतेत चुकवावी लागते, आणि पट्टी डिटेक्टरबरोबर तो चालत नाही.

एवढे केले की आलेख सुंदर दिसतो. थरात कोणती खनिजे आहेत एवढेच सांगायचे असेल तर काम इथे संपले. नव्या नळीवर खर्च करण्याचे कारण नाही.

डिटेक्टर जे दुरुस्त करू शकत नाही

प्रश्न "किती" असा असेल तर सुंदर आलेख फसवतो. तांब्याच्या किरणांसाठी हेमॅटाइटचा रेषीय शोषण गुणांक सुमारे ११४० प्रति सेमी येतो. चिकणमाती आणि प्लॅजिओक्लेज यांचा १०० च्या आसपास. म्हणजे एकाच भुकटीत शेजारी बसलेल्या दोन कणांपैकी एक किरणाला दुसऱ्याच्या दहापटीहून जास्त गिळतो. हेमॅटाइटच्या ५ मायक्रॉनच्या कणात किरण वरच्या कातडीत विवर्तित होतो, पण कणाचा गाभा अंधारात राहतो. शिखरात त्या कणाचे पूर्ण वजन उमटत नाही. याला सूक्ष्मशोषण म्हणतात.

आपल्या नमुन्यासाठी गणित करू. १५ टक्के हेमॅटाइट जड असल्यामुळे आकारमानाने ते साधारण ८ टक्केच भरते, आणि मिश्रणाचा सरासरी गुणांक १८० च्या घरात येतो. हेमॅटाइट आणि सरासरी यांच्यातला फरक सुमारे ९६० प्रति सेमी. ५ मायक्रॉन व्यासाच्या गोल कणात किरणाचा आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा मिळून सरासरी मार्ग त्रिज्येच्या दीडपट धरला, तर तीव्रता खऱ्याच्या सुमारे ०.७ पट उरते. १५ टक्के हेमॅटाइट १०.५ टक्के दिसते.

हरवलेले साडेचार टक्के कुठे जातात हे पाहिले की खरा धोका कळतो. नमुन्यात २० टक्के कोरंडम अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक वजनाने मिसळले असेल, तर कोरंडमचा गुणांक हलका, १२५, म्हणून ते पूर्ण मोजले जाते आणि हेमॅटाइट कमी. बेरीज १०० पर्यंत पोहोचत नाही आणि उरलेला भाग सॉफ्टवेअर "अस्फटिक" म्हणून लिहिते. तांबड्या बोलात अस्फटिक लोखंडी पदार्थ असतात हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून तो आकडा कोणालाही खटकत नाही. आणि अंतर्गत मानक नसेल तर तेच साडेचार टक्के बाकीच्या खनिजांवर वाटले जातात. चिकणमाती आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि अभियंत्याने विचारलेला आकडा तर नेमका तोच होता.

खालची मर्यादा, मोनोक्रोमेटर, फिल्टरची जागा, यांपैकी कशानेही हे बदलत नाही. तो किरण डिटेक्टरपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

इलाज दोनच: कण लहान करणे किंवा किरण बदलणे. तेच हेमॅटाइट अर्ध्या मायक्रॉनपर्यंत दळले गेले तर तांब्यावरही हा ०.७ चा गुणक ०.९६ च्या पुढे जातो. पण कोरड्या रिंग मिलमध्ये जोरात दळून हे साधायला जाऊ नये. त्यात स्मेक्टाइटची रचना मोडते आणि एक चूक सुधारताना दुसरी होते. मायक्रोनायझिंग मिलमध्ये सुमारे ३ ग्रॅम नमुना ७ ते १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलबरोबर १० मिनिटे ओला दळणे हा सुरक्षित मार्ग. तरीही हेमॅटाइट चिवट गुठळ्यांत असेल तर सगळे कण एक मायक्रॉनखाली आले याची खात्री देता येत नाही.

कोबाल्ट: कडेच्या जरा खाली

कोबाल्टच्या के-अल्फाची ऊर्जा ६.९३० केईव्ही, म्हणजे लोखंडाच्या कडेच्या ०.१८ केईव्ही खाली. हा किरण लोखंडाच्या के कवचाला हात लावू शकत नाही. लोखंडाचा वस्तुमान-शोषण गुणांक तांब्याच्या किरणाला ३०० च्या पुढे असतो, तो इथे ५७ वर येतो. हेमॅटाइटचा रेषीय गुणांक ११४० वरून सुमारे २३७. चिकणमाती-प्लॅजिओक्लेजचा मात्र वाढून १४५ च्या आसपास. दहापटीहून मोठी दरी दीडपटीवर आली. त्याच ५ मायक्रॉनच्या कणासाठी आता गुणक सुमारे ०.९७, म्हणजे १५ टक्के हेमॅटाइट साडेचौदा दिसते. कोरंडमचा गुणांकही १९० होतो आणि हेमॅटाइटच्या जवळ जाऊन बसतो, म्हणून अंतर्गत मानकाची तुलना खरी ठरते.

एक समज इथे दुरुस्त करायला हवा. कोबाल्टने किरण खोल जातो आणि सगळी शिखरे उंच होतात असे सरसकट सांगितले जाते. शुद्ध हेमॅटाइटसाठी ते खरे आहे. आपल्या १५ टक्क्यांच्या नमुन्यात मात्र मिश्रणाचे एकूण वस्तुमान-शोषण तांब्यावर ६६ आणि कोबाल्टवर ५६, फरक किरकोळ. हेमॅटाइट साधारण साडेनऊ टक्क्यांच्या खाली गेले तर कोबाल्टवरच एकूण शोषण जास्त होते, कारण सिलिकेट खनिजे लांब तरंगलांबीचा किरण जास्त शोषतात. अशा नमुन्यात कोबाल्ट निवडायचे ते पार्श्वभूमी आणि सूक्ष्मशोषणासाठी. उंच शिखरांची अपेक्षा ठेवली तर निराशा होते.

आता या ॲनोडचा सापळा. कोबाल्टचा के-बीटा किरण ७.६४९ केईव्हीचा आहे, म्हणजे लोखंडाच्या कडेच्या वर. के-अल्फा निरुपद्रवी असला तरी त्याच नळीतून निघणारा के-बीटा लोखंडाला पेटवतोच. योग असा की कोबाल्टच्या के-बीटासाठी फिल्टरही लोखंडाचाच लागतो. १६ मायक्रॉनची लोखंडी पन्नी के-अल्फाचा जवळपास अर्धा भाग जाऊ देते आणि के-बीटाचा एक-सव्वा टक्का. ही पन्नी नळीच्या बाजूला, नमुन्याच्या आधी बसवावी. तशी बसवली की के-बीटा नमुन्यापर्यंत पोहोचतच नाही. पन्नीतही प्रतिदीप्ती होते, पण ती सर्व दिशांना विखुरते आणि स्लिटमधून फार थोडी पुढे जाते.

तीच पन्नी डिटेक्टरच्या बाजूला बसवली तर के-बीटाची शिखरे आलेखातून जातात, म्हणून सगळे ठीक वाटते. पण नमुना आधीच पेटलेला असतो. लोखंडी पन्नी लोखंडाच्या स्वतःच्या ६.४०४ केईव्हीच्या किरणांपैकी सुमारे ४१ टक्के जाऊ देते, म्हणजे कोबाल्टच्या के-अल्फाच्या जवळपास. आणि इथे डिटेक्टरची मर्यादाही वाचवत नाही, कारण दोन ऊर्जांमध्ये अंतर फक्त अर्ध्या केईव्हीचे आहे. तांब्याच्या नळीला फिल्टर डिटेक्टरकडे आणि कोबाल्टच्या नळीला नळीकडे, अशी उलटापालट लोखंडी नमुन्यांसाठी करावी लागते. नळी बदलणाऱ्याच्या हातून नेमके हेच राहून जाते.

नळीतून अखंड वर्णपटही निघतो आणि त्याचा ७.१ केईव्हीच्या वरचा भाग लोखंडाला थोडाफार पेटवतोच. म्हणून कोबाल्टवर पार्श्वभूमी शून्य होत नाही, खूप खाली येते. नमुन्यात मँगनीज बरेच असेल तर त्याची कडा ६.५३९ केईव्हीवर आहे. कोबाल्टचा के-अल्फा मँगनीजला पेटवतो. बोलात मँगनीज सहसा थोडे असते, पण मँगनीजचे काळे डाग असलेला तुकडा आला तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

बाकीच्या ॲनोडांबद्दल थोडक्यात. क्रोमियम ५.४१५ केईव्हीला आहे, लोखंड आणि मँगनीज दोन्हींच्या खाली. पण २४० मिमी त्रिज्येच्या यंत्रात हवाच त्याचे पाचातले चार भाग खाते, कोबाल्टचे पाचातले दोन भाग तरी पोहोचतात. शिवाय तरंगलांबी २.२९ अँगस्ट्रॉम असल्यामुळे वरच्या कोनांची शिखरे आवाक्याबाहेर जातात. मॉलिब्डेनम १७.४८ केईव्हीला आहे. लोखंडाची प्रतिदीप्ती त्यापासून डिटेक्टर सहज वेगळी करतो आणि किरण खोलही जातो. पण शिखरे लहान कोनांत दाटतात आणि स्मेक्टाइटचे पहिले शिखर ३ अंशांच्याही खाली जाते. या थरासाठी ते शिखरच महत्त्वाचे, म्हणून मॉलिब्डेनम बाद.

नळी बदलल्यावर

कोबाल्टची नळी सहसा तांब्याच्या नळीपेक्षा कमी शक्ती सोसते. ३५ केव्ही आणि ४० मिलीअँपिअर हे सुरक्षित बसते. फिल्टरने अर्धे किरण खाल्ले आणि हवेनेही काही, म्हणून मोजणीचा वेळ दुपटीने धरावा. नळी बसवल्यावर सिलिकॉन किंवा लॅन्थनम हेक्साबोराइडच्या मानक भुकटीवर शून्य तपासल्याशिवाय नमुना लावू नये.

तरंगलांबी सॉफ्टवेअरमध्ये १.७८९० अँगस्ट्रॉम केली नाही तर काही जुळतच नाही, म्हणून ती चूक लगेच पकडली जाते. जुना निकेल फिल्टर खाचेत तसाच राहिला तर मात्र कळायला वेळ लागतो. निकेलची कडा ८.३३३ केईव्हीवर, म्हणजे कोबाल्टच्या के-बीटाच्या वर. तो के-अल्फा आणि के-बीटा दोन्ही मंद करतो, वेगळे करत नाही. मग प्रत्येक मोठ्या शिखराच्या डावीकडे एक लहान सावली उभी राहते. हेमॅटाइटचे मुख्य शिखर कोबाल्टवर ३८.७ अंशांवर येते आणि त्याची सावली ३४.९ वर. मॅग्नेटाइटचे एक शिखर ३५.१ वर असते. बोलातली शिखरे रुंद असतात, ०.२ अंशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, आणि नमुन्यात नसलेले मॅग्नेटाइट अहवालात लिहिले जाते. खरेखुरे मॅग्नेटाइट असेल तर ५०.४ अंशांच्या आसपास त्याचे आणखी एक शिखर दिसायला हवे. तिथे काही नसेल तर आधी फिल्टरची खाच उघडून बघावी. ७४ अंशांवरचा पुरावा घेऊ नये, तिथे हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट दोघेही एकमेकांवर बसतात.

नमुन्याची जाडीही पाहावी. काचेवर पसरलेला पातळ थर मोठ्या कोनांत किरण आरपार जाऊ देतो. खोलगट धारकात १ ते २ मिमी भुकटी दाबून भरावी, तेवढी पुरते.

निवड कशी तपासायची

खरे उत्तर माहीत असलेले मिश्रण करून बघावे. ०.३६ ग्रॅम हेमॅटाइट आणि २.०४ ग्रॅम क्वार्ट्झ, म्हणजे २.४० ग्रॅममध्ये १५ टक्के, आणि वर ०.६० ग्रॅम कोरंडम. हेमॅटाइट म्हणून रसायनांच्या दुकानातली लाल भुकटी घेऊ नये. ती रंगद्रव्यासारखी अतिबारीक असते, सूक्ष्मशोषण दाखवतच नाही, आणि तांब्याची नळी निर्दोष सुटते. नैसर्गिक हेमॅटाइटचा दगड फोडून, नमुना जितका दळतो तितकाच दळून घ्यावा. क्वार्ट्झचे शोषण चिकणमातीच्या जवळ असल्याने ते तिच्या जागी चालते. गणना करताना कोबाल्टवर कोरंडमचे ४१.१ अंशांवरचे आणि हेमॅटाइटचे ४१.६ वरचे शिखर शेजारी येतात, म्हणून फक्त त्या जोडीवर विसंबू नये. कोरंडमसाठी २९.८ आणि हेमॅटाइटसाठी २८.१ अंशांची शिखरेही बरोबर घ्यावीत.

या मिश्रणात तांब्यावर हेमॅटाइट १०–११ आणि अस्फटिक ४–५ टक्के दिसले, आणि कोबाल्टवर १४ च्या पुढे आले, तर घाटातल्या नमुन्यासाठी नळी बदलण्याचे कारण मिळाले. दोन्हींवर १४ च्या पुढे आले तर दळण पुरेसे बारीक आहे. मग तांब्याची नळी, वर नेलेली मर्यादा आणि डिटेक्टरकडचा निकेल फिल्टर एवढ्यावर काम भागते, आणि कोबाल्टची नळी पेटीतच राहू द्यावी.